बोका आणि दुधाची वाटी

आमच्या ओसरीवर येणाऱ्या चार किलो वजनाच्या बोक्यास आम्ही रोज सकाळी वाटीभर गाईचे दूध देत असू. सायंकाळपर्यंत त्यास जुलाब होत. दूध शिळे असावे, असे वाटून आम्ही ते ताजे, तापवून देऊ लागलो. तरी फरक पडेना.

कारण निराळेच होते. दुधातील साखरेस लॅक्टोज म्हणतात. पिलाच्या आतड्यात ती पचविणारे लॅक्टेज हे विकर भरपूर असते. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांत ते कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तेथील जिवाणू ती आंबवितात आणि पोट फुगून जुलाब होतात. दूध तापविल्याने ही साखर नाहीशी होत नाही. म्हणजे तहान भागविण्यास दिलेले दूधच शरीरातील पाणी घालविते. काही मांजरांना थोडे दूध सोसते, हेही खरे.

एवढ्या वजनाच्या मांजरास, अन्नातील अंश धरून, दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा असते. म्हणून आम्ही दूध बंद केले, त्याच्या नेहमीच्या खाद्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवू लागलो आणि पसरट भांड्यांत ताजे पाणी खाण्याच्या जागेपासून दूर दोन ठिकाणी ठेवले. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले.

दूध थांबवूनही ते दिवसभर टिकले, हिरड्या चिकट लागल्या किंवा खांद्यावरची चिमटीत उचललेली कातडी सावकाश खाली बसली, तर मांजरास विनाविलंब पशुवैद्यांकडे न्यावे.