अल्गोरिदमच्या नावाने खडे फोडू नका

व्हिडिओ करणाऱ्यांचा एक लाडका युक्तिवाद आहे : ‘शीर्षक भडक दिलं नाही तर अल्गोरिदम व्हिडिओ पुढे नेत नाही.’ हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण खरा नाही.

यूट्यूबने २०१२ सालीच शिफारशींसाठी नुसते व्ह्यूज मोजणे सोडून व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तिथल्या इंजिनिअरांनी शोधनिबंधात कारणही सांगितले. केवळ क्लिकवर क्रम लावला, तर लोक अर्ध्यात सोडून देतात असे फसवे व्हिडिओ वर येतात. म्हणून त्यांची पद्धत ‘हा व्हिडिओ एकदा समोर ठेवला, तर किती वेळ पाहिला जाईल’ याचा अंदाज बांधते.

हिशेब करून पाहू. समजा, रेशनकार्डाच्या ई-केवायसीची माहिती देणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. तो हजार वेळा लोकांच्या स्क्रीनवर आला. शीर्षक ‘उद्यापासून रेशन बंद!’ असेल, तर १०० जण क्लिक करतील. पण तसे काही नाही हे कळताच सरासरी ४० सेकंदांत निघून जातील. एकूण ४,००० सेकंद. ‘ई-केवायसी’ एवढेच शीर्षक दिले, तर २० जण येतील आणि पाच-पाच मिनिटे थांबतील. एकूण ६,००० सेकंद. आणि ‘ई-केवायसीत अंगठा जुळत नाही? हे करा’ असे दिले, तर ५० जण येऊन तीन-तीन मिनिटे पाहतील. एकूण ९,००० सेकंद! आकडे मानलेले आहेत, पण गणित असेच चालते. भडक शीर्षक निरस शीर्षकापेक्षाही मागे पडते.

आपले शीर्षक फसवे आहे का, हे यूट्यूब स्टुडिओतला आलेख सांगतो. पहिल्या तीस सेकंदांतच रेषा कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली, तर शीर्षकाने दिलेला शब्द व्हिडिओने पाळलेला नाही. नुसता क्लिकचा टक्का घसरला म्हणून मात्र घाबरू नये. व्हिडिओ अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागला की तो बहुधा घसरतोच.

तरीही, पाहण्याचा वेळ म्हणजे सत्य नव्हे. द्वेष पेरणारा व्हिडिओही लोक शेवटपर्यंत पाहतात, आणि हे गणित त्यालाही वर नेऊ शकते. त्याची जबाबदारी कंपनीचीच, ती तिला टाळता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात बातम्यांच्या फसव्या शीर्षकांवर कारवाई करण्याची घोषणा तिला करावी लागली, ती उगीच नव्हे.

पण ‘उद्यापासून रेशन बंद!’ हे शब्द अल्गोरिदम लिहीत नाही, आपण लिहितो. ते वाचून कामावर खाडा करून रेशन दुकानासमोर रांग लावणाऱ्या बाईला उत्तरही आपणच द्यायला हवे.