फोन चुकला म्हणून नंबर का जावा?

डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची. सकाळी सातचा पेशंट येणार नाही असं कळलं, की यादीतल्या पुढच्याला फोन जातो: पंधरा मिनिटांत होकार कळवा. एवढ्या कमी मुदतीला आमची हरकत नाही. मशीन तासभर उशिरा लागली, तर दुपारच्या पेशंटचा वेळ कापला जातो.

आमची हरकत वेगळीच आहे. वस्तीतल्या एका ताईंचा नंबर पहिला होता. नोंदवलेला फोन मुलाकडे, मुलगा रात्रपाळीला. फोन उचलला गेला नाही, जागा पुढच्याला मिळाली. इथवर ठीक. पण ताईंचं नाव थेट यादीच्या तळाला! फोन न उचलणं म्हणजे नकार नव्हे. नंबर तसाच राहिला पाहिजे आणि नोंदणीतच दोन फोन नंबर घेतले पाहिजेत. शेजारणीचा दिला तरी चालेल.

फोन आला की आधी विचारा, जागा आजपुरती की कायमची? हिपॅटायटिस बी असलेल्यांची मशीन वेगळी असते, म्हणून कधी मागच्याचा नंबर आधी लागतो. दर वेळी तो वशिला नसतो. आणि या तपासणीचा ताजा रिपोर्ट नसेल तर होकार देऊनही अडतं. फाईल दाराजवळच टांगून ठेवा.