पोळीचे तुकडे आणि सव्वादोन वर्षांचा राग



शाळा सुटताना गेटवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, मोठी शहाणी आहे, पण हा धाकटा फार हट्टी निघाला. भर रस्त्यात लोळण घेतो." पूर्वी मी नुसती मान डोलवायचे. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला आणि मला ते 'हट्टी' हे लेबलच चुकीचं वाटू लागलं.

एक संध्याकाळ सांगते. साडेसात वाजलेले, दुपारची झोप झालेली नव्हती. मी नेहमीप्रमाणे पोळीचे तुकडे करून ताटलीत वाढले. तो म्हणाला, "अख्खी!" मी म्हटलं, "अरे, तीच पोळी आहे, खा." झालं! ताटली ढकलली, जमिनीवर आडवा, पाय आपटणं सुरू. मी दुसरी अख्खी पोळी दिली, तीही फेकली. त्याला तेच तुकडे जोडून हवे होते. सासूबाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलाय." मी चिडून ओरडले आणि रडणं दुप्पट झालं.

आता त्याच्या बाजूने बघा. त्याच्या मनात अख्खी पोळी स्वतः तोडून खायचं चित्र होतं. या वयात 'माझं मी करणार' ही गरज भुकेइतकीच खरी असते. पण ती सांगायला त्याच्याकडे शब्द किती? दोन-दोन शब्दांची वाक्यं. आणि मनासारखं झालं नाही की येणारा राग आवरायला लागतो तो ब्रेक. हे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जावी लागते. दोन वर्षांच्या मुलात तो जेमतेम कामाला लागलेला असतो. त्यात भूक आणि अपुरी झोप आली की तेवढाही चालत नाही. म्हणजे गरज मोठी आणि ब्रेक कच्चा. तो नाटक करत नव्हता. त्याला थांबताच येत नव्हतं.

हे समजलं की आपण काय करायचं तेही ठरतं. अशा आकांडतांडवात सहसा राग सुरुवातीलाच शिगेला जातो. ओरडणं, फेकणं, लाथा मारणं हे तेव्हाच जास्त. मग राग ओसरतो आणि रडवेपणा उरतो. बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत सगळं शांत होतं. राग शिगेला असताना समजावणं, प्रश्न विचारणं, ओरडणं यांतलं काहीच आत पोहोचत नाही, उलट तेल ओतल्यासारखं होतं. तेव्हा मी लागेल असं सामान बाजूला करते, शेजारी बसते आणि एकच वाक्य म्हणते, "तुला अख्खी हवी होती, राग आला." किंचाळणं थांबून हुंदके सुरू झाले की मूल बहुतेक स्वतःच जवळ येतं. तेव्हा कुशीत घ्यायचं. समजावायचं ते त्यानंतर, तेही एका वाक्यात.

"मग मागेल ते द्यायचं का?" असं तुम्ही विचाराल. नाही. पोळी अख्खी द्यायला काहीच हरकत नव्हती, ती पहिल्या 'अख्खी'लाच द्यायला हवी होती. पण मोबाईल नाही म्हटलं असेल, तर दहा मिनिटं रडल्यावर तो देऊ नका. आज नाही आणि उद्या रडून थकल्यावर हो, असं झालं की मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ रडायचं. म्हणून 'नाही' मोजकेच ठेवा, पण ते पक्के ठेवा. मारणं, चावणं यालाही नाहीच. हात हळूच धरून "मारायचं नाही" म्हणा.

साधारण दीड ते तीन वर्षांत हे प्रकार जास्त दिसतात आणि भाषा वाढते तसे कमी होतात. मात्र मूल वारंवार स्वतःला इजा करत असेल, अर्धा-अर्धा तास शांतच होत नसेल, रडताना श्वास रोखून निळं पडत असेल, किंवा पाचव्या वर्षीही रोज हेच चालू असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल तर तेही त्यांना सांगा.

आमच्याकडे आता जेवण सातलाच होतं. पोळी ताटलीत वाढण्याआधी मी विचारते, "अख्खी की तुकडे?" परवा तो म्हणाला, "तुकडे." मी करायला गेले तर ओरडला, "मी!" मी हात मागे घेतला. त्याने पोळीचे वेडेवाकडे तुकडे केले, निम्मे खाली पाडले आणि उरलेले मजेत खाल्ले.