३१ तारखेची विक्री

विक्रीच्या डॅशबोर्डवर महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा खांब शून्यावर दिसला, की पहिला संशय दुकानावर जातो, दुसरा रात्री उशिरा येणाऱ्या डेटावर. आपण आधी फिल्टर उघडावा. पाहणाऱ्याने कॅलेंडरमध्ये १ मार्च ते ३१ मार्च निवडलेले असते आणि क्वेरी अशी बनते:

```sql
WHERE sold_at BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31'
```

`BETWEEN` दोन्ही टोके धरते, त्यामुळे ही ओळ वाचताना खटकत नाही. पण `sold_at` मध्ये तारखेबरोबर वेळही आहे. त्याच्याशी ताडताना नुसत्या तारखेचा अर्थ 00:00:00 होतो, म्हणजे ३१ तारीख सुरू होते तो क्षण. त्यानंतर दिवसभरात झालेली प्रत्येक विक्री बाहेर राहते. जुन्या यंत्रणेतून केवळ तारखेनिशी आलेल्या नोंदी मात्र आत येतात. मग एका शाखेची ३१ तारीख दिसते, दुसरीची दिसत नाही आणि दोष विनाकारण त्या शाखेच्या माथी येतो.

रोजच्या आलेखात ही चूक दिसते तरी. मासिक आलेखात ती लपते. रोज २ लाखांची विक्री धरली तर मार्चचे ६२ लाख हवेत, दिसतात ६०. तीन टक्क्यांची घट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती पकडायची तर बारा महिन्यांची बेरीज वर्षाच्या आकड्याशी ताडावी. १ एप्रिल ते ३१ मार्च अशी एकच क्वेरी एकच दिवस गमावते आणि ७२८ लाख दाखवते. बारा मासिक क्वेऱ्या बारा दिवस गमावतात आणि बेरीज ७०६ लाखांवर थांबते. फरक नेमका अकरा महिनाअखेरींचा आहे.

यावर बरेच जण शेवटी 23:59:59 जोडतात. तो उपाय आम्हाला मान्य नाही. वेळ सेकंदाच्या अंशांत साठवली असेल, तर शेवटचा सेकंद निसटतो. `.999` लिहिले, तर एसक्यूएल सर्व्हरचा `datetime` प्रकार ते पुढच्या दिवसाच्या 00:00:00 वर नेतो आणि १ एप्रिलची नोंद मार्चमध्ये शिरू शकते. शेवटचा क्षण शोधूच नये. पुढच्या दिवसाच्या सुरुवातीच्या अलीकडे थांबावे:

```sql
WHERE sold_at >= '2025-03-01'
  AND sold_at <  '2025-04-01'
```

पडद्यावर ३१ मार्चच दिसू द्यावा आणि एक दिवस वाढवण्याचे काम एकाच ठिकाणी ठेवावे. डॅशबोर्डने वाढवला आणि क्वेरीनेही वाढवला, तर १ एप्रिलची सगळी विक्री मार्चमध्ये येते. बदल लागू करण्यापूर्वी तीन नोंदी घालून पाहाव्यात: ३१ मार्च 00:00:00, ३१ मार्च 23:59:59.5 आणि १ एप्रिल 00:00:00. पहिल्या दोन मोजल्या गेल्या पाहिजेत, तिसरी नाही.