गोळी किती, यापेक्षा गोळी केव्हा!

आमच्या हुपरीतील एक तरुण चांदी कारागीर मध्यंतरी दवाखान्यात आला. "डॉक्टर, पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी नऊला कामावर बसलो की पेंग येते." पैंजण जोडण्याचे काम ज्योतीसमोर चालते, तिथे डुलकी म्हणजे हात भाजायचा. मित्राच्या सांगण्यावरून तो मेलाटोनिन घेत होता. तीन मिलीग्रॅमने गुण येईना म्हणून दहावर गेला होता. वेळ? रात्री दोन!

वाचकहो, चूक इथेच होती. मेलाटोनिन ही गुंगीची गोळी नव्हे. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर शरीराचे घड्याळ असते. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि 'रात्र झाली' हा निरोप त्या घड्याळाला पोहोचतो. साधारणपणे झोपेच्या दोन-तीन तास आधी हे सुरू होते.

गोळी हा तोच निरोप बाहेरून देते. शरीराचा स्वतःचा निरोप निघण्याआधी ती घेतली, तर घड्याळ पुढे सरकते आणि झोप लवकर येते. पहाटे-सकाळी तिचा अंमल राहिला, तर घड्याळ उलट मागे पडते. आमच्या कारागिराच्या शरीरात मेलाटोनिन मध्यरात्रीनंतर स्रवू लागत असावे. रात्री दोनला निरोप आधीच पोहोचलेला! वर दहा मिलीग्रॅमचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळणार. म्हणजे पेंगही वाढली आणि घड्याळही सुधारले नाही.

शिकागोतील हेलन बर्जेस व सहकाऱ्यांनी 2010 साली अर्धा मिलीग्रॅम आणि तीन मिलीग्रॅम यांची तुलना प्रसिद्ध केली. योग्य वेळी दिल्यावर दोन्हींनी घड्याळ जवळजवळ सारखेच सरकले. सहापट औषधाने सहापट गुण आला नाही. फक्त मोठी मात्रा अधिक लवकर द्यावी लागली.

म्हणून त्याला तीन मिलीग्रॅमच ठेवले, पण वेळ रात्री साडेआठची, काम आटोपून घरी आल्यावर. गोळीनंतर ज्योतीपाशी बसायचे नाही, मोटारसायकल चालवायची नाही. दिवे मंद, मोबाईल दूर. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उन्हात फिरणे, कारण सकाळचा प्रकाशही घड्याळ पुढेच ओढतो. झोप जशी अलीकडे आली तशी गोळीची वेळही अलीकडे आणली. महिन्याभरात तो बाराच्या सुमारास झोपू लागला.

हा उपाय उशिरा झोप येणाऱ्यांचा. चिंता, घोरणे किंवा दुखण्यामुळे झोप मोडत असेल, तर कारण वेगळे शोधावे लागते. गरोदर स्त्रिया, फिट येणारे आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे यांनी विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

माझे स्पष्ट मत आहे, की मेलाटोनिनच्या चिठ्ठीवर 'झोपताना एक' एवढेच लिहिणे अपुरे आहे. आम्ही डॉक्टरांनी घड्याळाची वेळ लिहावी. आणि गुण आला नाही तर आपण मात्रा वाढवण्याआधी ती वेळ तपासावी.