गणित सोडण्यापूर्वी : दहावीच्या मित्रांना पत्र

प्रिय विद्यार्थी मित्रहो,

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दहावीच्या मुलांना पत्र लिहिणे तसे चमत्कारिकच. हा अंक तुमच्या हाती येणार तो थोरल्या भावा-बहिणीच्या दप्तरातून, किंवा प्रवेशाच्या चौकशीसाठी आलात आणि कार्यालयातल्या बाकावर ताटकळत बसावे लागले तर तिथे. तरीही लिहितो. प्राध्यापक मंडळीही हे वाचतील, आणि माझ्या तक्रारीचा अर्धा भाग त्यांच्यासाठीच आहे.

मी चेंबूरचाच. लहानपण टिळकनगरच्या वसाहतीत गेले. वडील माहूलच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. आमच्या इमारतीत मुलाचे भवितव्य ठरवण्याची रीत सोपी होती. पंच्याऐंशीच्या वर गुण पडले तर विज्ञान, सत्तरच्या वर पडले तर वाणिज्य, आणि उरलेल्यांनी कला. ज्याचे वडील कारखान्यात, त्याने आयटीआय करून तिथेच चिकटावे, हा चौथा मार्ग. १९९८ साली मला एकोणऐंशी टक्के पडले आणि मी कला शाखा घेतली. घरात महिनाभर सुतक होते. वडील बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी चहा घेताना शेजारच्या जोशीकाकांना उगाचच विचारायचे, “तुमच्याकडे अप्रेंटिसच्या जागा कधी निघतात हो?”

कला शाखा घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. अकरावी-बारावीची दोन वर्षे मी सुखात होतो. तर्कशास्त्र होते, अर्थशास्त्र होते, दुपारी एकनंतर ग्रंथालय मोकळे असे. माझा विज्ञानाकडे गेलेला मित्र त्याच वेळी सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी कॉलेज आणि संध्याकाळी दादरला क्लास, अशा फेऱ्या मारत होता. तो रात्री नऊच्या हार्बर गाडीतून उतरायचा तेव्हा मी जेवून अंगणात गप्पा मारत असायचो.

पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी नुसती कला शाखा घेतली नव्हती, त्याच दिवशी गणितही सोडले होते. हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. खरे तर गणित सुटले याचा आनंदच जास्त होता. भूमितीची वही मी रद्दीत घातली, तो दिवस अजून आठवतो.

या निर्णयाची किंमत लगेच कळत नाही. बी.ए.ची तिन्ही वर्षे मला अर्थशास्त्रात उत्तम गुण पडले. शेवटच्या वर्षी वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या दारिद्र्यावरील अभ्यासाची ओळख झाली. हा अभ्यास १९७१ सालचा. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळावेत एवढे अन्न ज्या खर्चात येते, तो खर्च ज्यांना झेपत नाही ते दरिद्री, अशी त्यांनी रेघ आखली आणि देशात किती लोक तिच्या खाली आहेत याचा हिशेब मांडला. आमच्या वसाहतीपलीकडच्या झोपड्या मी रोज पाहत होतो. त्या पाहण्याला आकड्यांत आणता येते, हे वाचून मी भारावून गेलो. आपण हेच करायचे, असे ठरवून एम.ए.ला गेलो. दांडेकर मुळात संख्याशास्त्राचे, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात काय झाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

सीमान्त खर्च ही कल्पना मी बी.ए.ला शिकलो होतो. एक नग जास्त काढला तर खर्च किती वाढतो, तो सीमान्त खर्च. समजा, स्टेशनाबाहेर एक वडेवाला आहे. गाडीचे भाडे शंभर रुपये, ते एकही वडा न तळता द्यावे लागते. त्यावर प्रत्येक वड्याला पाच रुपयांचा माल. शिवाय जसजसे वडे वाढतील तसतशी धावपळ, नासाडी, जादा पोऱ्या हा खर्च वेगाने वाढतो. क्ष वड्यांचा एकूण खर्च १०० + ५क्ष + ०.५क्ष² असा धरू. दहा वड्यांना दोनशे रुपये लागतात, अकरांना दोनशे साडेपंधरा. म्हणजे अकरावा वडा साडेपंधरा रुपयांना पडला. बी.ए.ला आम्ही असाच तक्ता करून वजाबाकी करायचो. वजाबाकी मला येत होती, म्हणून अर्थशास्त्र येते असे वाटत होते.

एम.ए.च्या वर्गात सरांनी तक्ता केलाच नाही. खडूने एक ओळ लिहिली, “याचा डेरिव्हेटिव्ह ५ + क्ष,” आणि पुढे गेले. बाजूच्या मुलीने मान डोलावली. मी वहीत ती ओळ उतरवली आणि ती कुठून आली हे शोधत बसलो. माझ्या तक्त्यात साडेपंधरा आणि त्यांच्या ओळीत दहाव्या वड्यापाशी पंधरा, एवढा अर्ध्या रुपयाचा फरक का, हेही कळेना. (तक्त्यात आपण अख्ख्या एका वड्याची उडी मारतो. ती ओळ उडी न मारता नेमक्या त्या जागी खर्च किती वेगाने चढतो आहे ते सांगते. हे समजायला मला चार महिने लागले.) वड्याला अठरा रुपये भाव मिळत असेल तर किती वडे तळून थांबावे? ओळ येणारा चटकन सांगतो, तेरा. तक्तेवाला एकेक ओळ मांडत बसतो. वडे, भजी आणि चहा असे तीन पदार्थ आले की तक्ता संपलाच, तिथे ती ओळच लागते. पुढच्या दोन वर्षांतले जवळजवळ सगळे त्या ओळीवर उभे होते.

गणिताच्या पेपरात मी नापास झालो. दोष माझाच. शेजारच्या विज्ञानाच्या मुलाकडून अकरावीचे गणिताचे पुस्तक मागून आणले आणि तेविसाव्या वर्षी अकरावीचा अभ्यास सुरू केला. त्या विषयाच्या नावातच लिहिले होते : गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान. कला! म्हणजे मी अकरावीत असताना हा विषय माझ्याही शाखेचा होता. मंडळाच्या यादीत आजही आहे. मग तो मला मिळाला का नाही? आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला गणित शिकवतच नव्हते. घेणारी मुले नाहीत म्हणून तुकडी नाही, आणि तुकडी नाही म्हणून घेणारी मुले नाहीत. प्राध्यापक मंडळींकडे माझी तक्रार आहे ती ही.

त्या पेपरापायी एक वर्ष गेले. आज मी सर्वेक्षणांचे काम करतो आणि पोटापुरते गणित मला येते. पण ज्या प्रकारचे संशोधन करावेसे वाटले होते, ते हातून झाले नाही. तरुणपणी जी भाषा बोलायला शिकायची, ती मी प्रौढपणी कोश लावून वाचतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ विज्ञान घ्यावे, सगळी दारे उघडी राहतात. हा सल्ला तुम्हांला घरोघरी मिळेल आणि त्यात तथ्य आहे. विज्ञानाकडून कलेकडे येता येते, कलेकडून विज्ञानाकडे जाता येत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यक यांना बारावीचे विज्ञान लागते. बी.ए.ला, पाच वर्षांच्या कायद्याला, सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला कोणतीही शाखा चालते. पण दार उघडे ठेवण्याचे भाडे असते आणि ते कोणी सांगत नाही. माझा तो दादरच्या क्लासचा मित्र भौतिकशास्त्रात कसाबसा उत्तीर्ण झाला आणि शेवटी बी.ए.ला माझ्याच बाकावर येऊन बसला. त्याला डेरिव्हेटिव्ह येत होता, हे खरे. पण दोन वर्षांत त्याने अभ्यासाबाहेरचे एकही पुस्तक वाचले नव्हते, क्लासच्या फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या, आणि आपण ‘पडलेले’ आहोत ही भावना त्याच्या मनातून बी.ए. होईपर्यंत गेली नाही. आमच्या दोघांत कोणाचे नुकसान जास्त, यावर आम्ही अजून वाद घालतो.

वाणिज्य शाखेत हीच निवड जरा वेगळ्या वेषात येते. तिथे पुष्कळ ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती असा पर्याय असतो, आणि गुण सोपे म्हणून मुले दुसरा घेतात. पुढे सी.ए.च्या पहिल्याच परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर समोर येतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला तर बारावीला गणित नसलेल्याला प्रवेशच नाही.

एक सावधगिरी. दहावीच्या टक्केवारीवरून तुम्हांला गणित झेपेल की नाही हे कळत नाही. २०१० पासून पाच उत्तम विषयांची टक्केवारी धरतात, तेव्हा तुमचे गणिताचे गुण तिच्यात नसूही शकतात. गुणपत्रिकेत गणिताचे गुण वेगळे काढून पाहा, आणि त्याहून बरे म्हणजे उकल न पाहता दहा उदाहरणे सोडवून पाहा. अडलात तर कंटाळा येतो की चीड येते? चीड येत असेल तर गणित सोडू नका. नुसता कंटाळा येत असेल तर खुशाल सोडा, पण काय सोडतो आहोत ते माहीत असू द्या.

गेल्या जूनमध्ये माझी भाची प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरायला माझ्याकडे बसली होती. घाटल्याला राहते. तिला मानसशास्त्र शिकायचे आहे. गणितात अडुसष्ट गुण. मानसशास्त्रातही पुढे चाचण्या आणि संख्याशास्त्र येते, हे तिला ठाऊक नव्हते. ते सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. घराजवळच्या महाविद्यालयांत कला शाखेला गणित नाही. जिथे आहे तिथे कुर्ल्याला गाडी बदलून जावे लागते. अर्जात आधी शाखा निवडावी लागते, विषय प्रवेशानंतर ठरतात, म्हणून आम्ही दोन महाविद्यालयांच्या कार्यालयांत जाऊन “कलेला गणिताची तुकडी यंदा खरोखर चालू आहे का,” असे विचारून आलो. एका खिडकीवरच्या बाईंनी, हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकतो आहोत, अशा नजरेने आमच्याकडे पाहिले. दुसरीकडे चालू होती, एकूण अकरा मुलांची.

“मामा, तू माझ्या जागी असतास तर?” तिने विचारले. मी म्हणालो, मी तुझ्या जागी होतो तेव्हा वही रद्दीत घातली. ती हसली नाही. बराच वेळ पेन चावत बसली आणि मग पहिल्या पसंतीला कुर्ल्यापलीकडचे ते अकरा मुलांचे महाविद्यालय टाकले. रात्री बहिणीचा फोन आला : सकाळच्या गर्दीत पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवायला सांगितलेस? मी सांगितले नव्हते. पण नाकबूलही केले नाही.

तुमचा,
एक माजी विद्यार्थी