फलक बदला, नाहीतर काढून तरी टाका

प्रति,
मा. इमारत प्रमुख,
शासकीय कार्यालयांचे संकुल.

महोदय,

प्रवेशद्वारातल्या फलकाबद्दल मी याआधी दिलेले अर्ज आपल्याकडे आहेतच. त्यांवर 'पुढील कार्यवाहीस्तव वर्ग' असा शेरा मारून ते ज्या कक्षाकडे पाठवले, तो कक्ष आपल्याच फलकावर सापडत नाही. म्हणून आता हे पत्र सर्वांसमक्ष लिहितो आहे.

फाटकासमोर अर्ज आणि दस्त लिहून देणारा मी माणूस. बाहेरगावचे, परप्रांतातले लोक आपल्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि माझ्यापुढे धरतात: "भैया, इसमें रजिस्ट्री कहाँ है?" जे माझ्यापर्यंत येत नाहीत, ते फोटो गावाकडच्या कुणा शिकलेल्या पोराला पाठवतात. तो तिकडून वाचून मजला सांगतो आणि इकडे माणूस लिफ्टमध्ये शिरतो.

परवा असाच एक सुतार चुकला. मूळचा उत्तर प्रदेशचा, इथे फर्निचरची कामे करतो. आयुष्यभराच्या बचतीतून आणि कर्जातून त्याने 18 लाखांचे घर घेतले. करारनाम्यावर सह्या होऊन चार महिने होत आले होते. नोंदणीची वेळ ऑनलाइन घेतलेली होती, दोन साक्षीदार रोजगार बुडवून आले होते. फोटो पुतण्याकडे गेला. पुतण्याने फलकावरचे शब्द बरोबर वाचले, अर्थही आपल्या परीने बरोबर लावला आणि काकांना तिसऱ्या मजल्यावर पाठवले. तिथे 'जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था' बसतात. दस्त नोंदवणारे 'सह दुय्यम निबंधक' तळमजल्यावर, मागच्या दाराने आत गेल्यावर डावीकडे.

यात पुतण्याची चूक कोणती, ते आपण सांगावे. उत्तर प्रदेशात घराची, जमिनीची रजिस्ट्री ज्या कार्यालयात होते, त्याचे नावच 'उप निबंधक कार्यालय' आहे. आपल्याकडे तो शब्द सहकार खात्याकडे आहे आणि रजिस्ट्रीवाले दुय्यम निबंधक. बिहारमध्ये त्याच अधिकाऱ्याला 'अवर निबंधक' म्हणतात, मध्य प्रदेशात 'उप पंजीयक'. लिपी एकच असल्यामुळे धोका उलट वाढतो. तमिळ माणसाला फलक वाचताच येत नाही, म्हणून तो विचारतो. हिंदी माणसाला वाचता येतो, म्हणून तो विचारत नाही आणि सरळ चुकीच्या दारापुढे जाऊन उभा राहतो.

सुतार तिसऱ्या मजल्यावर गृहनिर्माण संस्थांच्या तक्रारी आणि सावकारी परवाने घेऊन आलेल्यांच्या रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोहोचला तेव्हा त्याला खाली जायला सांगण्यात आले. 'खाली' कुठे, हे सांगण्याची तसदी कुणी घेतली नाही. तो तळमजल्यावर आला तोवर त्याची वेळ निघून गेली होती.

आता आकडे पाहा, कारण तक्रारीत आकडे नसले की आपण तिला 'मोघम' म्हणता. नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त सादर करावा लागतो. मुदत उलटली तर पुढचे 4 महिने दंड भरून सादर करता येतो आणि तो दंड नोंदणी शुल्काच्या 10 पटीपर्यंत जाऊ शकतो. 18 लाखांच्या घराला 1 टक्का शुल्क म्हणजे 18,000 रुपये. त्याची दहापट 1,80,000. पुढची वेळ मुदतीच्या 3 दिवस आधीची मिळाली, म्हणून माणूस वाचला. त्या 3 दिवसांत सर्व्हर बंद पडला असता, तर फलकाच्या एका ओळीची किंमत त्याने भरली असती. आपण नाही.

बरे, ओळ कळली तरी मजला कळेल याची खात्री नाही. आपल्या फलकावर 'दुसरा मजला' हे शब्द डावीकडे एकदाच लिहिले आहेत आणि पाच कार्यालयांना मिळून एक महिरप काढली आहे. समोर उभे राहून पाहणाऱ्याला ती दिसते. फोटोत काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि नेमकी तीच पुसली जाते. मग मजल्याचे नाव फक्त मधल्या, तिसऱ्या कार्यालयासमोर असल्यासारखे दिसते आणि बाकीची चार अधांतरी राहतात. मी स्वतः लोकांना हिंदीत ओळी उतरवून देतो, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे मजला पुन्हा लिहितो. एवढी अक्कल रंगाऱ्याला कुणीतरी द्यायला हवी होती.

त्यात लिफ्ट. इमारत खांबांवर उभी आहे आणि खाली वाहनतळ आहे. लिफ्टमध्ये वाहनतळाचे बटण 0, फलकावरच्या तळमजल्याचे 1, पहिल्या मजल्याचे 2. म्हणजे 'तिसरा मजला' वाचून 3 दाबणारा दुसऱ्या मजल्यावर उतरतो. फलक आणि लिफ्ट एकाच इमारतीत आहेत, हे दोन्ही बसवणाऱ्यांना एकमेकांकडून कळले नसावे.

आणखी एक ओळ. 'सह जिल्हा निबंधक वर्ग 1 तथा मुद्रांक जिल्हाधिकारी'. जागा पुरली नाही म्हणून आपण शेवटचे दोनच शब्द ठेवले. आता ज्यांना जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचे आहे, असे कितीतरी जण मुद्रांक शुल्काच्या कार्यालयात जाऊन पूरग्रस्तांची यादी मागतात. तिथला शिपाई वैतागतो. त्याचा तरी काय दोष?

फलक राजभाषेत असायला हवा, हे उत्तर मला देऊ नका. मीही मराठीतच लिहितो आणि मराठीचे अक्षर तिथे सर्वांत मोठे असावे, हेच माझे म्हणणे आहे. पण सातबारा घेऊन आलेल्या इथल्या म्हातारीलासुद्धा 'उपअधीक्षक, भूमि अभिलेख' म्हणजे मोजणीचे ऑफिस, हे आपला फलक सांगत नाही. तो साहेबांची पदे सांगतो. माणूस पद शोधायला येत नाही, काम घेऊन येतो.

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे सेवा, शुल्क आणि मुदत यांची यादी प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावायची असते. आपल्या इमारतीत ती लावलेली आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. प्रत्येक कार्यालयाच्या आत. म्हणजे कार्यालय सापडल्यावर, आपण योग्य कार्यालयात आलो का, हे वाचता येते. सोय उत्तम आहे.

मागणी छोटी आहे. फलकाची रचना कामावरून करा: 'घर-जमीन खरेदीची नोंदणी', 'जमिनीची मोजणी', 'सोसायटीची तक्रार'. त्यापुढे कार्यालयाचे पूर्ण नाव आणि प्रत्येक ओळीत मजला, दार आणि लिफ्टचे बटण. मराठीखाली हिंदी आणि इंग्रजी, पण शब्दाला शब्द ठेवून नव्हे. दुय्यम निबंधकाखाली 'रजिस्ट्री' लिहा, उपनिबंधकाखाली 'सहकारी समितियाँ, यहाँ रजिस्ट्री नहीं होती'. काच काढून चकाकी नसलेला पत्रा लावा, म्हणजे फोटो नीट येईल. खाली अद्ययावत केल्याची तारीख टाका, म्हणजे कार्यालय हलले आणि ओळ तशीच राहिली तर जाब कुणाला विचारायचा, ते कळेल.

एवढेही जमत नसेल, तर आहे तो फलक उद्याच उतरवा. फलक नसेल तर लोक विचारतील आणि विचारणारा माणूस योग्य दारी पोहोचतो. आज आपला फलक त्याला विचारू देत नाही.

आपला,
फाटकासमोरचा अर्जलेखक